अल्कोहोलशिवाय सुगंध: पाणी, ग्लायकॉल की तेल?

एका मनगटावर फवाऱ्याचं नेहमीचं परफ्यूम आणि दुसऱ्यावर काडीने अत्तर लावून पाहिलं, तर पहिल्या पाच मिनिटांतच दोघांचा स्वभाव वेगळा दिसतो. परफ्यूम खोलीभर पसरतं. लिंबाच्या सालीचा, हिरव्या पानांचा वास सगळ्यात आधी येतो आणि तासाभरात निवतो. अत्तर मात्र मनगट नाकाजवळ नेल्याशिवाय फारसं कळत नाही, पण संध्याकाळी हात धुतानाही ते जाणवत राहतं. दोन्ही बाटल्यांत सुगंधी द्रव्यांचं मिश्रण अगदी एकच असलं, तरी हा फरक पडतोच. तो पडतो बेसमुळे, म्हणजे ते मिश्रण ज्या द्रवात विरघळवलेलं असतं त्यामुळे.

फवाऱ्याच्या परफ्यूममध्ये हा बेस इथेनॉलचा असतो. बाटलीतला बहुतांश भाग इथेनॉल, थोडंसं पाणी आणि साधारण 10 ते 20 टक्के सुगंधी मिश्रण. या मिश्रणाला आपल्याकडच्या बाजारात कंपाउंड म्हणतात. इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळतं आणि अंगाच्या उबेवर तर बघता बघता उडून जातं. त्यानंतर कातडीवर जो पातळ थर उरतो, तो जवळजवळ निव्वळ कंपाउंडचा असतो. म्हणजे बाटलीत 15 टक्के असलेला सुगंध अंगावर काही क्षणांत शंभर टक्क्यांच्या आसपास पोचतो.

तेलाचं तसं होत नाही. तेल जागचं हलत नाही, त्यामुळे त्यात 15 टक्के सुगंध घातला तर अंगावरही तो 15 टक्केच राहतो. मिश्रणातला एखादा घटक किती जोराने हवेत जाईल, हे त्या मिश्रणात त्याचा वाटा किती यावर ठरतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ फ्रांस्वा राऊल यांनी 1880च्या दशकात मांडलेला हा नियम परफ्यूमच्या बाटलीलाही लागू पडतो. म्हणून अल्कोहोल नसलेला सुगंध निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की यातला बेस उडून जाणार आहे की अंगावर राहणार आहे? पाणी उडून जातं. तेल राहतं. ग्लायकॉल या दोहोंच्या मध्ये आहे, पण तेलाच्या बाजूला बरंच झुकलेलं.

अल्कोहोल टाळणारे लोक मुख्यतः दोन प्रकारचे. पहिले कोरड्या कातडीचे. इथेनॉल कातडीच्या वरच्या थरातली स्निग्धता विरघळवतं, आणि इसब असलेल्या किंवा नुकत्याच वॅक्स केलेल्या जागी झोंबतं. ठणठणीत कातडीवर दोन फवाऱ्यांनी फारसं काही बिघडत नाही. पण थंडीत ज्यांच्या कोपरांवर आणि मानेवर भेगा पडतात, त्यांना रोजचा फवारा जाणवतो. दुसरे श्रद्धेमुळे टाळणारे. इस्लाममध्ये मद्य निषिद्ध आहे, पण अंगाला लावायच्या वस्तूतल्या इथेनॉलबद्दल धर्मशास्त्र्यांची मतं वेगवेगळी आहेत. काहींच्या मते द्राक्षं किंवा खजुरापासून न बनलेलं, पिण्यासाठी नसलेलं इथेनॉल बाहेरून लावायला हरकत नाही. काही जण तेही टाळायला सांगतात. अनेक जैन कुटुंबांतही असा कटाक्ष असतो, आणि तिथे कस्तुरीसारख्या प्राणिजन्य द्रव्यांचा प्रश्नही जोडीला येतो.

या विषयाने मुंबईत एकदा न्यायालयाची पायरीही चढली आहे. 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या शब्दांत अल्कोहोल असलेली प्रसाधनंसुद्धा सापडत होती. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिलं, तेव्हा त्यांच्या अर्जात व्हिस्की आणि बिअरच्या बरोबरीने ओ द कोलोन आणि लव्हेंडर वॉटर यांचाही उल्लेख होता. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा बराचसा कायम ठेवला, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावरची बंदी मात्र रद्द केली.

तुलना नीट व्हायची तर कंपाउंड एकच हवं. समजा, कोणी वर लिंबू, मध्ये मोगरा आणि तळाशी चंदन व व्हॅनिलिन अशी बांधणी असलेलं कंपाउंड घेतलं आणि दहा-दहा ग्रॅमच्या तीन बाटल्या भरायला बसलं. हाताशी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा हवा. थेंब मोजून काम नीट होत नाही, कारण वेगवेगळ्या द्रवांचे थेंब लहानमोठे पडतात.

पहिली बाटली तेलाची. आपल्याकडे अत्तराचा खरा बेस होता चंदनाचं तेल. कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगमध्ये गुलाबाच्या पाकळ्या आणि पाणी घालून खाली आच देतात. डेगचं तोंड मातीने लिंपून बंद करतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून भपक्यात उतरते, आणि पाण्याच्या हौदात बुडवलेल्या त्या भपक्यात आधीपासूनच चंदनाचं तेल असतं. वाफ थंड झाली की फुलाचा वास त्या तेलात मुरतो आणि पाणी वेगळं काढून टाकतात. या पद्धतीत बेस मागाहून मिसळावा लागत नाही, सुगंध जन्मतो तोच बेसमध्ये. शिवाय चंदनाला स्वतःचा मंद, दूधट वास आहे आणि ते फार सावकाश उडतं, त्यामुळे गुलाब निवला तरी अंगावर काहीतरी सुंदर शिल्लक असतं. अत्तरासाठी याहून योग्य बेस सापडणं कठीण.

पण चंदनाचं तेल इतकं महाग झालं, की स्वस्त अत्तरांत त्याची जागा लिक्विड पॅराफिनने आणि डायएथिल थॅलेटसारख्या रासायनिक द्रावकांनी घेतली. काचेच्या नक्षीदार कुपीत काय भरलंय, हे नुसत्या दिसण्यावरून कळत नाही.

घरच्या प्रयोगात चंदनाचं तेल कोणी वापरणार नाही. साधं खोबरेल चालत नाही, कारण त्याला स्वतःचा वास असतो आणि पुण्याच्या डिसेंबरात ते बाटलीतच गोठतं. 24 अंशांच्या आसपास ते घट्ट व्हायला लागतं. त्यासाठी फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल मिळतं. खोबरेलातले लांब साखळीचे, लवकर थिजणारे भाग काढून टाकले की उरतं ते हे तेल. ते थंडीतही पातळ राहतं, त्याला वास नसतो आणि ते सहजी खवट होत नाही. दुसरा चांगला पर्याय जोजोबाचा. राजस्थानात या झुडपाची लागवड होते. रसायनशास्त्राच्या भाषेत जोजोबा हे तेल नसून द्रवरूप मेण आहे, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. बदाम किंवा तिळाचं तेल अंगाला कितीही चांगलं असलं, तरी काही महिन्यांत खवटपणा सुगंधाच्या वर येतो.

तर पहिल्या बाटलीत नऊ ग्रॅम फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल आणि एक ग्रॅम कंपाउंड. इथे बहुतेक नवख्यांना एक धक्का बसतो. बाटली हलवली की द्रव दुधासारखा गढूळ होतो आणि दुसऱ्या दिवशी तळाशी वेगळा थर दिसतो. दोष तेलाचा नसतो. बाजारात मिळणारं बरंच कंपाउंड विकण्याआधीच डायप्रोपिलीन ग्लायकॉलने पातळ केलेलं असतं, आणि ते ग्लायकॉल खोबरेल-जोजोबासारख्या तेलांत नीट मिसळत नाही. सुगंध तेलात जातो, ग्लायकॉल खाली बसतं. घेतलेलं कंपाउंड खरंच गाळीव आहे की त्यात आधीच भर घातलेली आहे, याची ही आपोआप झालेली परीक्षाच. व्हॅनिलिनसारख्या स्फटिकरूप द्रव्यांची अडचण निराळी. ती तेलात जेमतेम विरघळतात, आणि प्रमाण वाढलं तर काही दिवसांनी तळाशी बारीक सुया दिसू लागतात.

यावर उपाय म्हणून अनेक कारागीर थोडं आयसोप्रोपाइल मिरिस्टेट घालतात. हे एक हलकं, अजिबात चिकट न वाटणारं एस्टर आहे. तेलापेक्षा जास्त द्रव्यं सामावून घेतं आणि कातडीवर पटकन पसरतं. ज्यांच्या चेहऱ्यावर किंवा पाठीवर मुरुमं येतात त्यांनी मात्र ते जपून वापरावं, कारण ते रंध्रं बुजवणाऱ्या द्रव्यांत मोडतं.

दुसरी बाटली डायप्रोपिलीन ग्लायकॉलची, व्यापारातल्या बोलीत डीपीजीची. हा रंगहीन, जवळजवळ वासहीन, सरबताच्या पाकासारखा दाट द्रव उकळतो सुमारे 230 अंशांना. अगरबत्तीच्या कारखान्यात कोऱ्या काड्या ज्या सुगंधी द्रवात बुडवतात, तो पातळ करायला हे सर्रास वापरतात, आणि बांबूच्या काड्या घालून ठेवायच्या खोलीच्या डिफ्यूझरमध्येही. परफ्यूम बनवणाऱ्यांना ते आवडतं, कारण लिंबापासून व्हॅनिलिनपर्यंत जवळपास सगळंच त्यात विरघळतं. नऊ ग्रॅम डीपीजीत एक ग्रॅम कंपाउंड घालून हलवलं, की बाटली काचेसारखी स्वच्छ दिसते. तेलात तळाशी बसलेलं सगळं इथे गुमान विरघळतं.

बाटलीत सगळ्यात सोपा असलेला हा बेस अंगावर मात्र सगळ्यात अवघड. डीपीजीला पाण्याची ओढ आहे. हवेतला दमटपणा ते ओढून घेतं, म्हणून रत्नागिरीच्या जुलैमध्ये मनगट बराच वेळ ओलसर-चिकट वाटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सुगंधाला धरून ठेवतं. मोगऱ्याचा वरचा, नाकात झिणझिण्या आणणारा भाग दबतो आणि लिंबू जवळपास हरवतं. काही जण याला टिकाऊपणा म्हणतात, आणि ते खोटंही नाही, पण टिकलेला वास इतका हळू असतो की शेजारच्या माणसापर्यंत तो पोचत नाही.

ग्लायकॉलच्या बाबतीत नाव काळजीपूर्वक वाचणं गरजेचं आहे. प्रोपिलीन ग्लायकॉल हे वेगळं द्रव्य आहे, क्रीम आणि डीओमध्ये ते भरपूर असतं, आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने 2018 साठी वर्षाचं ॲलर्जन म्हणून त्याचीच निवड केली होती. डायएथिलीन ग्लायकॉल तर विषच. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं निघालं आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. ते पोटात गेलेलं औषध होतं आणि इथे प्रश्न मनगटावरच्या दोन थेंबांचा आहे, तरीही धडा तोच लागू पडतो. औद्योगिक दर्जाचं स्वस्त ग्लायकॉल सुट्या कॅनमधून घेऊ नये. परफ्यूम किंवा कॉस्मेटिक दर्जाचं, चाचणीचं प्रमाणपत्र देणाऱ्याकडूनच घ्यावं.

तिसरी बाटली पाण्याची, आणि खरं कसब इथे लागतं. सुगंधी द्रव्यं बहुतांशी तेलकट असतात, ती पाण्यात विरघळत नाहीत. गुलाबपाणी हा सुंदर अपवाद. गुलाबाच्या वासातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल हे द्रव्य पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं. पाकळ्या वाफवल्या की ते तेलात न जाता पाण्यात राहतं, म्हणून नुसत्या गुलाबपाण्यालाही खऱ्या फुलाचा वास येतो. मोगरा आणि चंदनाच्या कंपाउंडला ही सवलत नाही.

म्हणून सोल्युबिलायझर लागतो, म्हणजे तेलाचे कण पाण्यात इतके बारीक करून धरणारं द्रव्य की डोळ्यांना ते दिसतच नाहीत. पॉलिसॉर्बेट 20 हे त्यातलं सहज मिळणारं. कंपाउंडच्या तीन ते आठ पट ते घालावं लागतं. दहा ग्रॅमच्या बाटलीत 0.1 ग्रॅम कंपाउंड, म्हणजे फक्त एक टक्का, घेतलं तर पाचपट धरून 0.5 ग्रॅम पॉलिसॉर्बेट लागेल. हे दोन्ही आधी आपापसात नीट घोटायचे आणि मग डिस्टिल्ड पाणी थेंबाथेंबाने घालायचं. क्रम उलटला, पाण्यात आधी कंपाउंड पडलं, तर ते वर तरंगतं आणि नंतर कितीही हलवलं तरी गढूळपणा जात नाही. शेवटी 0.09 ग्रॅम फिनॉक्सिइथेनॉल, म्हणजे 0.9 टक्के, युरोपीय नियमांत याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. हे परिरक्षक टाळून चालत नाही. इथेनॉलच्या बाटलीत जंतू जगू शकत नाहीत, पण पाण्यात ते सुखाने वाढतात. दोन-तीन आठवड्यांनी बाटलीत तंतू तरंगताना दिसले, तळाशी बुळबुळीत थर जमला किंवा ओल्या फडक्यासारखा वास आला, तर ती सरळ फेकून द्यावी.

एक टक्का सुगंध म्हणजे फारच थोडा, असं वाटणारच. मग पाण्याची बाटली दहा टक्क्यांची का करू नये? कारण पाचपट हिशोबाने अर्धी बाटली पॉलिसॉर्बेटची होईल. ते उडत नाही. कातडीवर साबणाच्या फेसासारखा चिकट थर राहील आणि त्यात सुगंधही अडकून बसेल. पाणी उडून जातं हा पाण्याचा मोठा गुण, पण त्याला सुगंध धरायला लावणारं द्रव्य उडत नाही, आणि तिथेच त्याची मर्यादा येते.

मोठ्या घराण्यांनी ही अडचण यंत्राने सोडवली आहे. 2014 मध्ये नव्याने सुरू झालेल्या पॅरिसच्या ब्यूली या घराण्याची ओ ट्रिपल नावाची परफ्यूम पाण्याच्या बेसची असतात आणि दिसायला दुधाळ. दिओरने 2022 मध्ये फ्रान्सिस कुर्कजियान यांनी बांधलेलं जादोर पार्फाँ दो बाजारात आणलं. तेही अल्कोहोलविना, पाण्यावर आणि पांढुरकं. यात तेलाचे कण प्रचंड दाबाने इतके बारीक करतात की ते पाण्यात तरंगत राहतात आणि सोल्युबिलायझर फार थोडा लागतो. घरातल्या मिक्सरने हे होत नाही. म्हणून घरच्या पाण्याच्या सुगंधाकडे बॉडी मिस्ट म्हणून पाहावं: अंघोळीनंतर भरपूर फवारायचा, तासाभराने पुन्हा फवारायचा.

आता तिन्ही बाटल्या अंगावर. पाण्याच्या बाटलीतून लिंबू सगळ्यात स्पष्ट येतं, पण वाळायला वेळ लागतो, कारण पाणी इथेनॉलपेक्षा कितीतरी सावकाश उडतं. मुंबईच्या दमट हवेत मनगट काही मिनिटं ओलं राहतं आणि तासाभरात मोगराही विरतो. डीपीजीवर सुरुवात जवळपास मुकी. अर्ध्या तासाने मोगरा दबक्या आवाजात येतो आणि बराच वेळ तसाच राहतो. तेलावर लिंबू थोडं हरवतं, पण मोगरा गोल होतो, आणि चार-पाच तासांनी चंदन आणि व्हॅनिलिन अजून जागेवर असतात. दहा टक्क्यांचं तेल मात्र मंदच वाटतं, आणि त्याचं कारण सुरुवातीच्या राऊलच्या नियमातच आहे. म्हणूनच अत्तर बांधणारे तेलात सुगंध जास्त घालतात, 20-25 टक्क्यांपर्यंतही. या तुलनेत घरी बनवायला आणि रोज वापरायला तेलाचा बेसच सगळ्यात समाधानकारक ठरतो. फक्त लिंबू-संत्र्यासारख्या चटकन उडणाऱ्या वासांपेक्षा मोगरा, चंदन, केवडा, ऊद अशा जड वासांसाठी तो निवडावा.

फवाऱ्याची बाटली फक्त पाण्यालाच द्यावी. तेल आणि डीपीजी दोन्ही नोझलमधून धुक्यासारखे न येता पिचकारीसारखे उडतात, आणि तेलाचे बारीक कण श्वासात जाणंही चांगलं नाही. त्यांच्यासाठी रोल-ऑन किंवा काचेची काडी. कपड्यांचंही पाहायला हवं. पैठणीवर तेलाचा डाग पडला तर तो सहज निघत नाही, आणि रेशमावर पाण्याचेही डाग उठतात. लग्नात अत्तर मनगटावर किंवा कानामागे लावावं, साडीवर नको. कानात फाया ठेवण्याची जुनी रीत त्या बाबतीत शहाणपणाची.

बाजारातून आणलेल्या बाटलीत कोणता बेस आहे, हे घरी ओळखता येतं. पारदर्शक पेल्यात साधं पाणी घ्यावं आणि त्यात दोन थेंब सोडावेत. इथेनॉलचं परफ्यूम पाण्याला लागताच दुधाळ ढग करतं, कारण इथेनॉल पाण्यात मिसळतं आणि सुगंधी तेलं एकदम बाहेर फेकली जातात. तेलाचे थेंब वर तरंगतात. डीपीजी पाण्यापेक्षा किंचित जड असतं; थेंब आधी खाली जातो आणि मग विरघळत धूसर रेघा सोडतो. पाण्याच्या बेसचा थेंब बहुधा काहीच न होता मिसळून जातो. आणि थेंब गोळीसारखा तळाशी जाऊन तसाच पडून राहिला, तर डायएथिल थॅलेटसारख्या जड द्रावकाचा संशय घ्यावा, कारण ते पाण्यापेक्षा जड असून त्यात विरघळत नाही. इथेनॉल आणि डीपीजी यांत घोटाळा वाटला तर कागदावर एक थेंब टाकून पाहावा. इथेनॉलचा ओलेपणा काही मिनिटांत जातो. डीपीजीचा डाग दुसऱ्या दिवशीही दिसतो. तेलाचा तर अर्धपारदर्शक ठिपका कायमचाच. मिश्र बेस असतील तर ही परीक्षा पक्की राहत नाही, पण अल्कोहोलमुक्त म्हणून विकलेली बाटली पाण्यात पडताच दुधासारखी फुटली, तर दुकानदाराला विचारायला पुरेसं कारण मिळतं.

लेबल वाचतानाही थोडी रसायनशास्त्राची ओळख हवी. वेष्टनावर अल्कोहोल डीनॅट, इथेनॉल किंवा इथाइल अल्कोहोल असं काही दिसलं तर ते टाळायचं अल्कोहोल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या खुलाशानुसार प्रसाधनांवरचं ‘अल्कोहोल फ्री’ हे लेबल सहसा इथाइल अल्कोहोल नसल्याचं सांगतं. क्रीममधलं सिटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल मेणासारखं असतं आणि त्याने कातडी कोरडी पडत नाही. गुलाबातलं फिनाइल इथाइल अल्कोहोल, चंदनातलं सँटलॉल, अगदी डीपीजीसुद्धा रचनेने अल्कोहोलच आहेत. पण यांपैकी कशाने नशा चढत नाही, आणि श्रद्धेचा निषेध मद्याचा आहे.

कोरड्या कातडीच्या लोकांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. परफ्यूम लावल्यावर येणारी खाज अनेकदा इथेनॉलमुळे नसून सुगंधी द्रव्यांमुळेच असते. हवा लागून जुनी झालेली लिनॅलूल आणि लिमोनीन ही दोन द्रव्यं, शिवाय दालचिनीतलं सिनॅमल्डिहाइड, ही ओळखीची कारणं. बेस बदलला तरी ती तिथेच असतात, आणि तेलात तर ती कातडीला जास्त वेळ चिकटून राहतात. म्हणून नवीन बाटलीचा एक थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावावा आणि रोज एकदा असं दोन-तीन दिवस पाहावं. लाली किंवा पुरळ उठलं तर तो सुगंध कोणत्याही बेसमध्ये आपला नव्हे. कंपाउंडमध्ये गाळीव न केलेलं बर्गामोट असेल तर आणखी एक काळजी: त्यातलं बर्गाप्टेन उन्हात कातडीवर काळपट चट्टे उठवतं. या कारणाने आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने अंगावर राहणाऱ्या उत्पादनांत अशा बर्गामोट तेलाची मर्यादा 0.4 टक्के ठेवली आहे. बर्गाप्टेन काढलेलं तेलही मिळतं. घेताना तेच मागावं.

श्रद्धेने टाळणाऱ्यांची चौकशी मात्र बेसपाशी संपत नाही, आणि हा भाग अत्तराच्या दुकानांत क्वचितच सांगितला जातो. जाई-मोगऱ्याचं ॲब्सोल्यूट, जे तमिळनाडूत मोठ्या प्रमाणावर तयार होतं, त्यात आधी फुलं हेक्झेनने धुतात. मेणासारखं काँक्रीट निघतं. मग ते काँक्रीट इथेनॉलमध्ये ढवळतात, थंड करून मेण गाळतात आणि निर्वात पात्रात इथेनॉल उडवून देतात. जवळपास सगळं निघून जातं, पण प्रक्रियेत ते वापरलेलं असतं आणि अंशमात्र राहूही शकतं. ज्यांना तेवढंही नको असेल त्यांच्यासाठी मार्ग दोन आहेत: डेग-भपक्यातलं, वाफेने काढलेलं अत्तर, किंवा दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने काढलेले अर्क. दुकानदाराला मग दोन प्रश्न विचारायचे, अत्तर कशात बांधलंय आणि फुलाचा अर्क काढला कसा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडून हलाल शिक्का असलेली बाटली घेतानाही तो शिक्का कोणत्या संस्थेचा आणि कोणत्या घटकांपर्यंतचा, हे कागदावर पाहून घ्यावं.